शनिवार-रविवारी गेमिंग पीसीची देखभाल: कुठून सुरू करू आणि कुठे थांबू?

रानवारा · गुरुवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. २०२२ च्या मे महिन्यात घेतलेला पीसी आहे. रायझन ५ ५६००, त्याच्यासोबत आलेलाच कूलर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या दोन), आरटीएक्स ३०६०, विंडोज ११ आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. घेतल्यापासून एकदाही उघडलेला नाही. आमच्या सांगलीच्या घरी तो हॉलमध्ये फरशीवरच ठेवलेला असतो.

तक्रारी दोन. पहिली, गेम सुरू करून अर्धा तास झाला की पंखा घोंघावतो आणि खेळ अडखळायला लागतो. दुसरी विचित्र आहे. दिवसातून दोन-तीनदा, गेमच काय, साधा व्हिडिओ बघतानाही चित्र सेकंदभर गोठतं, आवाज घर्र होतो आणि मग सगळं ठीक.

शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात करायची आहे, पण सोमवारी सकाळी नऊला याच पीसीवर ऑफिसचं काम आहे. माझ्या यादीत विंडोजची साफसफाई, धूळ, थर्मल पेस्ट, रॅमचं एक्सएमपी, ग्राफिक्स कार्डाचं अंडरव्होल्टिंग आणि बायोस अपडेट एवढं आहे. सगळ्यात कमी धोक्याचं आधी आणि सगळ्यात जास्त धोक्याचं शेवटी, असा क्रम कोणी लावून द्याल का?

---

पाटलाचा_पीसी · गुरुवार, रात्री ११:०५

भावा, सोपं आहे. सॉफ्टवेअरचं सगळं सुरक्षित, हार्डवेअरचं सगळं धोक्याचं. आधी डीब्लोट स्क्रिप्ट चालव, रजिस्ट्री क्लीनर मार, नको त्या सर्व्हिसेस बंद कर. मी दर महिन्याला करतो. आणि ते सेकंदभर गोठणं विंडोजच्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या टीपीएममुळे होतं. बायोसमध्ये जाऊन टीपीएम बंद कर, विषय संपला.

---

जुनाखेळिया · शुक्रवार, सकाळी ७:५०

पाटील, टीपीएमचा तुमचा अंदाज बरोबर असू शकतो, त्याकडे येतो. पण सॉफ्टवेअर म्हणजे सुरक्षित हे मला पटत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पीसींपैकी धूळ झटकताना बिघडलेले मी मोजके पाहिलेत. कुठलीशी स्क्रिप्ट चालवून विंडोज अपडेट, प्रिंटर नाहीतर गेमचा अँटी-चीट बंद पडलेले मात्र सतत येतात. आणि स्क्रिप्टने नेमकं काय बदललं ते मालकाला ठाऊक नसतं, त्यामुळे परतीची वाटच राहत नाही.

रानवारा, धोका मोजायचा तो परतीच्या वाटेवरून. एका क्लिकने मागे येता येतं का? रीस्टार्टने? बोर्डवरचा सेल काढून? की दुकान गाठावं लागेल? हा प्रश्न प्रत्येक कामाला लाव, क्रम आपोआप लागेल. तुझ्या यादीत आधी विंडोजमधल्या सेटिंग्ज, मग धूळ, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, मग पेस्ट आणि शेवटी बायोस. स्क्रिप्ट आणि रजिस्ट्री क्लीनर यादीतून काढूनच टाक.

पण कशालाही हात लावण्याआधी मोजून ठेव. HWiNFO टाक, Sensors-only उघड. ज्या गेममध्ये स्वतःचा बेंचमार्क आहे असा एखादा घे, सायबरपंक २०७७ मध्ये आहे. आधी अर्धा तास खेळून पीसी तापव, मग बेंचमार्क तीनदा चालव. सरासरी एफपीएस, 1% low, `CPU (Tctl/Tdie)` चं कमाल तापमान आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान वहीत लिही. फक्त सरासरी बघू नकोस. अडखळणं दिसतं ते 1% low मध्ये, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमच्या एफपीएसमध्ये.

आणि हो, त्याच्याही आधी Settings > System > Display > Advanced display मध्ये जाऊन मॉनिटर खरंच १४४ वर आहे का ते बघ.

---

कोकणकाका · शुक्रवार, सकाळी ९:१५

मुलाचा लॅपटॉपही असाच तापतो, रत्नागिरीत हवाच दमट. खालून पंखे असलेला कूलिंग पॅड घेतला तर रानवारा यांचं काम होईल का? आमच्याकडे तरी थोडा फरक पडला.

---

अश्विनी_ठाणे · शुक्रवार, सकाळी ९:४०

काका, त्यांचा डेस्कटॉप आहे, त्याला पॅडचा उपयोग नाही. मुलाच्या लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून बघा. खालून हवा घ्यायला जागा मिळाली तर पॅडइतकाच फरक पडतो बऱ्याचदा. नाहीच पडला तर वेगळा धागा काढा, मॉडेल लिहा.

रानवारा, पेस्टला हात लावायच्या आधी माझी हकीकत वाच. माझाही एएम४ वरचा रायझन होता. रविवारी दुपारी थंड पीसीवर कूलरचे स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून बाहेर आला. लॉकची दांडी खालीच होती, तरी आला. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलमधली शिसं काढून तिच्या तोंडात एकेक पिन धरून सरळ केली, त्यात पावणेदोन तास गेले. हात थरथरत होते. पीसी चालू झाला, पण एक जरी पिन तुटली असती तर नवा प्रोसेसर.

---

रानवारा · शुक्रवार, रात्री ११:२०

जुनाखेळियादादा, मॉनिटर ६० वर होता. तीन वर्षं! १४४ केला तर माउस फिरवतानाच फरक कळतोय.

पण आता एक कोडं पडलंय. दुपारी ६० वर असताना मोजलं तेव्हा प्रोसेसर ८४ अंश होता, १४४ केल्यावर ९० ला टेकला. म्हणजे मी बिघडवलं का? आताचे आकडे: सरासरी ७१, 1% low ३८, ग्राफिक्स कार्ड ७९ अंश. प्रोसेसर ९० ला गेला की त्याचा वेग ४.४ वरून ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत खाली येतो.

---

जुनाखेळिया · शुक्रवार, रात्री ११:४५

बिघडलं काहीच नाही. गेममध्ये व्ही-सिंक चालू असणार. तेव्हा पीसी ६० फ्रेम काढून थांबत होता, आता ती वेसण गेली आणि त्याला पूर्ण ताकद लावावी लागतेय. म्हणून तर मॉनिटर आधी तपासायला सांगितलं. दुपारचे आकडे खोडून टाक, आताचे खरे.

५६०० ची कमाल मर्यादा ९० अंशच आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तुझी पहिली तक्रार तीच. कारण धूळ असायची शक्यता सगळ्यात जास्त.

उद्या सकाळी: शटडाऊन, पॉवर सप्लायचा मागचा खटका बंद, प्लग काढ, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धर. बाल्कनीत ने. हातातला ब्लोअर चालेल, पण प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने अडवून मगच हवा मार. हवेने पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नकोस, त्या हवेत पाण्याचे थेंब येतात. घरातल्या व्हॅक्यूमचं तोंड बोर्डला लावू नकोस. पॉवर सप्लाय बाहेरूनच फुंक, त्याचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल एवढा विद्युतभार उरतो.

---

रानवारा · शनिवार, दुपारी १:१०

झालं. समोरची जाळी काढली तर तिच्यावर राखाडी थर होता, बोटाने गुंडाळला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा सुटून आला. पण खरी गंमत कूलरच्या पंख्याखाली होती. वरून पंखा स्वच्छ दिसत होता. बॅटरी तिरकी धरून पात्यांमधून पाहिलं तेव्हा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कापसाची गादीच बसलेली. चिकट होती, नुसत्या हवेने निघेना. रंगाच्या कोरड्या ब्रशने सैल करावी लागली. हॉलमध्ये रोज उदबत्ती लागते, त्याचा तेलकटपणा असावा असं आई म्हणाली.

त्याच खोलीत, खोलीतला पंखा तेवढाच ठेवून पुन्हा मोजलं. प्रोसेसर ८१, ग्राफिक्स कार्ड ७५, सरासरी ७६, 1% low ५४. वेग आता ४.३ च्या खाली जात नाही.

आता पेस्ट काढू ना?

---

जुनाखेळिया · शनिवार, दुपारी १:३०

नको. ८१ म्हणजे मर्यादेपासून नऊ अंश लांब, वेगही टिकतोय. पेस्ट बदलून तुला फार तर चार-पाच अंश मिळतील आणि त्यासाठी अश्विनीताईंना जे भोगावं लागलं तो धोका पत्करायचा. एप्रिल-मेमध्ये पुन्हा ८८ च्या वर गेलं तर बघू.

---

अश्विनी_ठाणे · शनिवार, दुपारी २:००

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. तीन वर्षांची पेस्ट आहे आणि सांगलीचा उन्हाळा आहे. उलट जितकी वाळेल तितका कूलर अधिक चिकटेल. पद्धत पाळली तर आत्ता करणं सोपं: दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करायचा, लगेच बंद करून प्लग काढायचा, स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे, आणि वर ओढण्याआधी कूलर डावी-उजवीकडे हलके पिळायचा. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं. पुसायला मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नेलपॉलिश रिमूव्हर नाही. नवी पेस्ट मध्ये वाटाण्याएवढी. मी दुसऱ्यांदा असंच केलं, काहीही झालं नाही.

पण करायचंच तर आज, शनिवारी कर. काही चुकलं तर उद्या बरीच दुकानं बंद असतात.

---

जुनाखेळिया · शनिवार, दुपारी २:१०

पद्धत ताईंची अगदी बरोबर आहे. करावं की नाही एवढाच आमचा मतभेद. रानवारा, तू ठरव. दरम्यान ग्राफिक्स कार्ड करून घे.

MSI Afterburner मध्ये Ctrl+F दाबलं की वोल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. आधी Core Clock −२०० करून पूर्ण रेघ खाली आण. मग ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झपर्यंत उचल आणि लागू कर. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे, म्हणजे कार्ड ९०० च्या वर वोल्टेज मागणारच नाही. मेमरीच्या वेगाला हात लावू नकोस.

यात कार्ड जळत नाही, आपण वोल्टेज कमी करतोय. फार तर गेम बंद पडेल किंवा स्क्रीन क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होईल. तसं झालं तर १८०० ऐवजी १७५५ कर. एकच अट: विंडोज सुरू होताना आपोआप लागू करण्याचं बटण आठवडाभर दाबायचं नाही. तोवर रीस्टार्ट केलं की सगळं मूळपदावर येतं, तीच तुझी परतीची वाट.

---

रानवारा · शनिवार, सायंकाळी ६:४५

१८०० वर दीड तासाने गेम बंद पडला. १७५५ वर तीन तास झाले, शांत आहे. कार्ड १७० वॅट घेत होतं ते १२८ वर आलं, तापमान ६८. एफपीएस एकाने कमी, पण पंख्याचा आवाज पलंगापर्यंत येत नाही आता.

पेस्ट उन्हाळ्यापर्यंत राहू देतो. अश्विनीताई, पद्धत वहीत उतरवून ठेवली आहे.

आता रॅम. Task Manager मध्ये Memory खाली Speed २४०० दाखवतोय. पाकिटावर तर ३२०० लिहिलंय.

---

पाटलाचा_पीसी · शनिवार, सायंकाळी ७:०५

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वोल्टेज १.२ वरून १.३५ होतं. रॅम जळेल, माझ्या मित्राची गेली.

---

जुनाखेळिया · शनिवार, सायंकाळी ७:३०

पाटील, वोल्टेजचे आकडे तुमचे बरोबर आहेत. पण १.३५ साठीच ती रॅम बनवणाऱ्याने तपासून विकलेली असते. आणि या प्रोसेसरला ३२०० पर्यंतची रॅम एएमडीने अधिकृतपणे मान्य केली आहे. मित्राची रॅम कशाने गेली ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

जळण्याची भीती नाही, भीती वेगळीच आहे. रॅम त्या वेगावर थोडीशी जरी चुकत असेल तर पीसी बंद पडत नाही, चालत राहतो. आणि चुकीचे आकडे हळूच फायलींमध्ये लिहिले जातात. महिन्याने फोटो उघडत नाही, गेम पुन्हा उतरवावा लागतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एक्सएमपी लावलं की विंडोजमध्ये जायचं नाही, आधी पेनड्राइव्हवरून MemTest86 चालवायचं. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, रात्रभर लावून झोप. एक जरी चूक दिसली तरी ३२०० सोडून ३००० वर ये आणि पुन्हा तपास.

पण थांब. एक्सएमपी लावण्याआधी बायोसचा निर्णय घ्यावा लागेल, कारण बायोस अपडेट केलं की एक्सएमपी पुसलं जातं. `msinfo32` चालव आणि `BIOS Version/Date` समोर काय आहे ते लिही.

---

रानवारा · शनिवार, सायंकाळी ७:४०

तारीख मार्च २०२२ ची आहे.

---

जुनाखेळिया · शनिवार, रात्री ८:१५

मग तुझी दुसरी तक्रार बहुधा हीच. प्रोसेसरमधलं टीपीएम, म्हणजे एफटीपीएम, आपली माहिती बोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये ठेवतं. काही रायझन पीसींवर त्या देवाणघेवाणीत सगळा पीसी क्षणभर थांबायचा, आवाजासकट. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे मान्य केलं आणि मे २०२२ पासून बोर्डवाल्यांनी AGESA 1.2.0.7 वरचे बायोस द्यायला सुरुवात केली. तुझा त्याआधीचा आहे. म्हणजे टीपीएमबद्दल पाटलांचा नेम बरोबर होता. उपाय मात्र चुकतोय: टीपीएम बंद केलं तर व्हॅलोरंट विंडोज ११ वर सुरूच होणार नाही, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर विंडोज किल्ली मागेल.

बायोस अपडेट यादीतलं सगळ्यात धोक्याचं. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मेल्यात जमा होऊ शकतो, आणि घरी परतीची वाट सगळ्याच बोर्डांवर नसते. मी ते उगाच करायला कधीच सांगत नाही. तुझ्याकडे मात्र नेमकं कारण आहे, म्हणून करायचं तर उद्या सकाळी आणि रॅमच्या आधी.

आज रात्री हे प्रशासक म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये चालव:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिल्यात Protection On दिसलं तर दुसऱ्यात येणारा ४८ अंकी पासवर्ड कागदावर उतरव. त्याच पीसीत फाइल करून ठेवू नकोस. कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घे.

---

अश्विनी_ठाणे · शनिवार, रात्री ८:३०

मी असते तर बायोस या आठवड्यात केलंच नसतं. सोमवारी नऊला काम आहे. पुढच्या शनिवारी करा, एक्सएमपी पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात.

---

जुनाखेळिया · शनिवार, रात्री ८:४०

दोन मिनिटं लावायला, पण नव्या बायोसवर रॅम पुन्हा रात्रभर तपासावी लागते. तरी ताईंची सोमवारची शंका रास्त आहे. घरात इन्व्हर्टर किंवा यूपीएस आहे का? नसेल तर त्यांचं ऐक.

---

रानवारा · रविवार, दुपारी १२:३०

यूपीएस आहे. सकाळी साडेसातला केलं. Protection On होतं, पासवर्ड वहीत लिहून घेतला होता. बोर्डच्या साइटवरून मॉडेल आणि रिव्हिजन दोन्ही जुळवून फाइल घेतली. बोर्डवर बारीक अक्षरात रिव्हिजन छापलेली असते, ती बॅटरीने शोधली. FAT32 केलेला पेनड्राइव्ह, आणि अपडेट बायोसच्या आतूनच, विंडोजमधून नाही. चार मिनिटं लागली.

मग काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम रीसेट करू का म्हणून Y / N विचारलं. मी N दाबलं. विंडोज किल्ली न मागता सुरू झालं.

त्यानंतर एक्सएमपी लावलं आणि स्क्रीन काळा. पंखे फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे. असं तीनदा झालं. मी सेल काढायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि चौथ्यांदा चित्र आलं. हे बरोबर आहे का?

---

जुनाखेळिया · रविवार, दुपारी १२:५०

बरोबर आहे. नव्या वेगावर रॅमशी जुळवून घ्यायला बोर्ड दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होतो. अशा वेळी पाच मिनिटं हात लावायचा नाही. पण बायोसमध्ये जाऊन ३२०० टिकलंय का ते बघ. काही बोर्ड तीनदा जमलं नाही की गुपचूप मूळ वेगावर परत जातात.

---

रानवारा · सोमवार, सकाळी ८:२०

३२०० टिकलंय. MemTest86 च्या चार फेऱ्या झाल्या, चुका शून्य. मोजलं: सरासरी ८४, 1% low ६३, प्रोसेसर ८२. नऊच्या मीटिंगला हाच पीसी आहे.

---

पाटलाचा_पीसी · सोमवार, सकाळी ११:००

मीही msinfo32 बघितलं, माझा बायोस २०२१ चा निघाला. यूपीएस मात्र नाही.

---

रानवारा · पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

आठ दिवसांत ते गोठणं एकदाच जाणवलं, तेही गेम उतरत असताना. आवाज घर्र झाला नाही, म्हणून ते जुनंच की वेगळं काही, सांगता येत नाही. Event Viewer मध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या WHEA-Logger ची एकही नोंद नाही. अंडरव्होल्टिंग आता आपोआप लागू होण्यावर टाकलं आहे.

---

जुनाखेळिया · मंगळवार, रात्री १०:०५

गेम उतरताना डिस्क भरत आली की असं होऊ शकतं. सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे?

---

रानवारा · मंगळवार, रात्री १०:१२

११ जीबी. उद्या रिकामी करून पुन्हा बघतो.